जमिनीखालच्या गरम तेलाच्या लाईनमध्ये टोकाला तापमान किती उरेल, ते कसं काढायचं?

प्रश्न: आमच्याकडे रेल्वे सायडिंगच्या टाक्यांपासून कारखान्यापर्यंत ३ किलोमीटर लाईन आहे. ४ इंची, पोलादी, इन्सुलेशन नाही, काळ्या जमिनीतून जाते, पाइपचा मध्य १.२ मीटर खोल. फर्नेस ऑइल तासाला १०.८ टन, हीटरमधून ७५ अंशांनी निघतं. टोकाला ४५ च्या खाली गेलेलं चालत नाही. सिनियरांनी एका मीटरची गळती काढून ३००० ने गुणलं, उत्तर ३५.५ अंश आलं. मला ते पटत नाही. मातीचा रोध कसा धरायचा? मे महिन्यात विदर्भातली जमीन भाजून निघते, ते तापमान घ्यायचं का? आणि लाईट गेली तर किती वेळ हातात असतो?

उत्तर:

तुमची शंका बरोबर आहे. सिनियरांनी एका मीटरची गळती नीट काढली, पण ती पहिल्या मीटरची आहे. पहिल्या मीटरला तेल ७५ अंशांवर असतं, म्हणून माती जास्त उष्णता ओढते. पुढे तेल निवत जातं, मातीशी असलेला फरक कमी होतो आणि गळतीही तितकीच कमी होते. तुमच्या लाईनवर पहिला मीटर साधारण ७९ वॉट गमावतो, तर शेवटचा जेमतेम ३४. ७९ ला ३००० ने गुणलं तर २३७ किलोवॉट होतात. खरी गळती त्याच आकड्यांवर १६० किलोवॉट आहे.

आता मुळापासून बघू. पाइपभोवती कितीतरी माती असली तरी तिचा हिशेब एकाच रोधात बसतो. खोली पाइपच्या व्यासापेक्षा बरीच जास्त असेल (दीडपट पुरे, तुमची दहापट आहे), तर एक मीटर लांबीमागे मातीचा रोध असा:

```
R = ln(4z/D) / (2πk)
```

इथे z म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागापासून पाइपच्या मध्यापर्यंतची खोली, D बाहेरचा व्यास आणि k मातीची उष्णतावाहकता. काही जण z म्हणून पाइपच्या माथ्यावरची माती मोजतात. तुमच्या पाइपला त्याने फारसं बिघडत नाही, पण मोठ्या व्यासाला बिघडतं. ४ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर असतो, म्हणून 4z/D झालं ४२ आणि त्याचा लॉग ३.७४. k सध्या १ वॉट प्रति मीटर-केल्विन धरू. रोध आला ०.५९५ मीटर-केल्विन प्रति वॉट. म्हणजे तेल आणि जमीन यांच्यात ४७ अंशांचा फरक असेल तर मीटरमागे ७९ वॉट जातात. सिनियरांचा आकडा इथूनच आला.

या लॉगकडे जरा थांबून बघा, कारण साइटवरचे बरेच वाद त्यातच मिटतात. लाईन आणखी खोल गाडली तर तेल गरम राहील असं वाटणारे खूप भेटतात. खोली १.२ वरून २.४ मीटर केली तर लॉग ३.७४ चा ४.४३ होतो, म्हणजे दुप्पट खोदाई करून रोध १८-१९ टक्केच वाढला. काळ्या जमिनीत अडीच मीटर चर खणायचा खर्च कंत्राटदाराला विचारा, उत्तर लगेच मिळेल. उलट पाइपच्या अगदी जवळची माती फार मोलाची असते. पाइपच्या पृष्ठभागापासून मोजलं तर पहिल्या १४ सेंटिमीटरच्या थरातच एकूण रोधाचा तिसरा हिस्सा असतो. चर भरताना पाइपला लागून काय टाकलं, मुरूम, वाळू की खणून काढलेली ढेकळं, यावर तो तिसरा हिस्सा ठरतो. माती परीक्षणाचा नमुना मात्र बहुतेक वेळा शेताच्या मधून घेतलेला असतो, चरातून नाही.

रोध हातात आला की तापमानाचं गणित छोटं आहे. एका छोट्या तुकड्यात तेलाने गमावलेली उष्णता म्हणजे त्या तुकड्यातून मातीत गेलेली उष्णता. हे समीकरण लांबीभर जोडलं की घातांकी घट मिळते:

```
T(x) = Ts + (Ti − Ts) · exp(−x / λ)
λ = m · c · R
```

m म्हणजे सेकंदाला किती किलो तेल, c तेलाची विशिष्ट उष्णता, Ts जमिनीचं तापमान, Ti सुरुवातीचं तापमान. तुमचे तासाला १०.८ टन म्हणजे सेकंदाला ३ किलो. फर्नेस ऑइलची विशिष्ट उष्णता या पट्ट्यात साधारण २००० जूल प्रति किलो-केल्विन धरतात. म्हणून m·c झालं ६००० वॉट प्रति केल्विन आणि λ झाला ६००० × ०.५९५, म्हणजे सुमारे ३५७० मीटर. मी कुठलीही गरम लाईन हातात आली की आधी हा λ काढतो. लाईनची लांबी λ च्या दहाव्या भागाइतकी असेल तर सरळ गुणाकारही चालतो, फारसं चुकत नाही. लांबी λ च्या जवळपास असेल, जशी तुमची आहे, तर गुणाकार फसतो. आणि लांबी λ च्या तिप्पट असेल तर टोकाला जमिनीचंच तापमान मिळणार, हीटर कितीही फुंकलात तरी.

तुमच्यासाठी ३००० भागिले ३५७० म्हणजे ०.८४. त्याचा उलटा घातांक ०.४३. जमीन २८ अंश धरली तर टोकाला २८ + ४७ × ०.४३, म्हणजे सुमारे ४८ अंश.

या ०.४३ चा आणखी एक अर्थ आहे, तो हीटर चालवणाऱ्याने लक्षात ठेवावा. सुरुवातीला १० अंश वाढवले तर टोकाला ४.३ अंशच पोचतात, बाकीचे शेतकऱ्यांच्या जमिनीत जातात. फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट आयएस १५९३ प्रमाणे किमान ६६ अंश असतो. बंद लाईनमध्ये ७५ वर ढकलायला हरकत नाही, पण टोकाच्या टाकीत तेल उतरताना ते ६६ च्या बरंच खाली असायला हवं. म्हणजे हीटर वाढवत नेण्याला वरूनही मर्यादा आहे.

आता जमिनीचं तापमान. मे महिन्यात वर्धा-यवतमाळकडे हवा ४५-४६ ला जाते आणि उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर त्याहून कितीतरी तापतो. हे तापमान सूत्रात घालू नका. दिवसभराची तापणी-निवणी जमिनीत फार खोल उतरत नाही. साधारण दर ११-१२ सेंटिमीटरला तिचा जोर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, म्हणजे १.२ मीटरवर दुपार आणि पहाट यांत काही फरक उरत नाही. वर्षाची लाट मात्र पोचते, अर्धी-पाऊण आणि उशिरा. विदर्भात महिन्याच्या सरासरी हवेचं तापमान वर्षभरात १४-१५ अंशांनी वरखाली होतं. १.२ मीटर खोलीवर त्यातलं आठ-नऊ अंशच उरतं आणि तेही साधारण महिनाभर मागे चालतं. सरासरी २८ च्या आसपास धरली तर हिवाळ्याच्या शेवटी २४ आणि जूनच्या मध्यावर ३२-३३ अशी चढउतार येते. सूत्रात Ts म्हणून पाइपच्या खोलीवरचं, पण पाइपपासून लांब असलेल्या अबाधित जमिनीचं तापमान घाला. लाईनपासून आठ-दहा मीटर बाजूला १.२ मीटर खोल एक पाइपचा तुकडा पुरून त्यात थर्मामीटर सोडला तरी काम भागतं.

म्हणजे वर्षभरात Ts फार तर नऊ अंश हलतो. खरा घोळ k घालतो. काळी माती सुकली की तिच्यात हवा भरते आणि हवा उष्णता नेत नाही. ओली झाली की त्याच जागा पाणी घेतं. सुकलेल्या चिकणमातीला k ०.६ किंवा त्याहून कमी आणि पुरती भिजलेली असेल तर १.५ च्या आसपास धरणं वाजवी आहे. रोध k च्या उलट्या प्रमाणात, λ रोधाच्या प्रमाणात आणि तापमान λ च्या घातांकात, म्हणून हा फरक टोकाला मोठा होऊन दिसतो.

मे महिना घ्या. k ०.६, जमीन ३१ अंश. λ जवळपास ५९५० मीटर होतो आणि टोकाला ५७-५८ अंश येतात. ऑगस्टमध्ये जमीन २९ अंश, म्हणजे मेपेक्षा दोनच अंशांनी थंड. पण k १.५ झाला की λ २३८० मीटरवर येतो आणि टोकाला फक्त ४२. जमीन जवळपास तेवढीच गरम आणि तेल पंधरा अंशांनी गार. डिझाइनवाले बहुतेक वेळा जानेवारीचं गणित करून मोकळे होतात, कारण थंडी म्हटली की जानेवारी. विदर्भातल्या काळ्या जमिनीतल्या उघड्या लाईनला श्रावण-भादवा जास्त छळतो.

काळ्या जमिनीची आणखी एक खोड म्हणजे उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा. चराची माती आजूबाजूच्या जमिनीइतकी दबलेली नसते, म्हणून भेग हमखास चराच्या कडेने जाते आणि कधी पाइपपर्यंत उतरते. तिथे हवेची फट तयार होऊन रोध वाढतो, ते आपल्या फायद्याचं. पण पहिला जोरदार पाऊस त्याच भेगेतून थेट पाइपपर्यंत पाणी नेतो. म्हणून जूनअखेर तापमान हळूहळू नाही, तर दोन-चार दिवसांत खाली येतं. ऑपरेटरला वाटतं हीटर बिघडला.

जानेवारीही पूर्ण सोडू नका, विशेषतः लाईन संत्र्याच्या बागांतून जात असेल तर. आंबिया बहारासाठी बागेला आधी ताण देतात, पाणी तोडतात, जमीन सुकू देतात. मग जानेवारीच्या सुमारास ताण तोडून पाणी सोडतात. जमीन वर्षातली सर्वांत थंड असते नेमक्या त्याच वेळी k उडी मारतो. अमरावतीकडच्या एका लाईनवर पंप हाऊसमधल्या ऑपरेटरने मला हे कुठलंही सूत्र न मांडता सांगितलं होतं: "बागेत पानी सोडलं का दोन-तीन दिसानं काटा चढते, साहेब. पानी तुटलं का उतरते." पंपाच्या दाबाच्या गेजचा काटा साडेतीन किलोवरून चारकडे सरकलेला होता. मी आधी पंपाचा स्ट्रेनर उघडायला लावला, तो साफ निघाला. मग बागेच्या पाण्याच्या तारखा लॉगबुकशेजारी लावून बघितल्या आणि त्याचं म्हणणं तंतोतंत जुळलं.

अशा मिश्र लाईनचं गणित सोपं आहे. प्रत्येक तुकड्याचा घातांक वेगळा काढून बेरीज करायची. जमिनीचं तापमान सगळीकडे सारखं असेल तर तुकड्यांचा क्रम बदलला तरी टोकाचं उत्तर तेच येतं. खोली आणि व्यास तेच असतील तर त्याहून सोपं: k ची लांबीनुसार सरासरी घ्या. तुमच्या ३ किलोमीटरपैकी २.२ किलोमीटर कपाशी-तुरीखाली आहे, k ०.९, आणि ०.८ किलोमीटर बागेखाली आहे असं समजू. ताणात बागेचा k ०.८ असताना सरासरी ०.८७ येते आणि जानेवारीच्या २४ अंश जमिनीला टोक ४८.५ वर राहतं. बागेला पाणी सुटून k १.६ झाला की सरासरी १.०९ आणि टोक ४४.५. पाव लांबीच्या बागेने चार अंश नेले आणि तुमची ४५ ची रेघ ओलांडली. लाईनच्या नकाशावर गट नंबर असतातच. त्यांच्याशेजारी पीक आणि ओलिताचा एक रकाना वाढवा.

इथवरच्या गणितात मी तेलाकडे बघितलेलंच नाही, सगळा रोध मातीचा धरला. पाणी किंवा पातळ क्रूड असतं तर चाललं असतं. फर्नेस ऑइलला आधी रेनॉल्ड्स नंबर तपासा. एमव्ही-२ दर्जाची व्हिस्कॉसिटी ५० अंशांना जास्तीत जास्त १८० सेंटिस्टोक असते. तुमच्या पाइपमध्ये वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर येतो, म्हणून ५० अंशांच्या तेलाला रेनॉल्ड्स नंबर सव्वादोनशेच्या आत. ७५ अंशांनाही तो हजाराखालीच राहतो. म्हणजे प्रवाह पूर्ण लॅमिनार आहे. तेल घुसळलं जात नाही. मधलं तेल गरम राहतं आणि भिंतीलगतचं निवतं, म्हणून तेलाच्या स्वतःच्या अंगातही रोध तयार होतो. शांत लॅमिनार प्रवाहाची पाठ्यपुस्तकी किंमत लावली तर तो ०.५ च्या आसपास, म्हणजे जवळपास मातीइतका येतो. प्रत्यक्षात भिंतीवरचं गार तेल जड होऊन खाली उतरतं, गरम तेल वर येतं आणि थोडं ढवळणं होतंच, म्हणून तो त्याच्या बराच खाली असतो. ०.१५ ते ०.५ यांत कुठेतरी, एवढंच कागदावर म्हणता येतं.

याचा परिणाम दोन बाजूंनी होतो. तेलाचा रोध सोडून दिला तर टोकाचं तापमान खऱ्यापेक्षा कमी येतं, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला राहतो. ऑगस्टचे ४२ हे तसे आहेत. पण दाबाच्या गणितात उलटं होतं. घर्षण भिंतीजवळ होतं, तिथलं तेल सरासरीपेक्षा गार आणि घट्ट असतं, म्हणून सरासरी तापमानाच्या व्हिस्कॉसिटीवरून काढलेला दाब कमी निघतो. पंप निवडताना त्या बाजूला हात सैल ठेवा.

हा गुंता कागदावर सोडवण्यापेक्षा लाईनलाच विचारावं. दोन्ही टोकांना थर्मोवेल बसवा. तो पाइपच्या मध्यापर्यंत गेला पाहिजे आणि शक्यतो एल्बो किंवा व्हॉल्व्हच्या लगेच पुढे हवा, म्हणजे तेल मिसळलेलं असतं. पाइपवर पट्टा बांधून घेतलेलं तापमान लॅमिनार तेलात भिंतीचं असतं, ते या कामाला चालत नाही. प्रवाह दोन-तीन दिवस स्थिर ठेवा, बाजूच्या जमिनीचं तापमान घ्या आणि सूत्र उलटं फिरवा:

```
λ = L / ln[(Ti − Ts) / (To − Ts)]
R = λ / (m · c)
```

To म्हणजे टोकाला मोजलेलं तापमान. समजा, जमीन २८ असताना आणि माती मध्यम ओलीची, k १ च्या जवळ असताना, टोकाला ५२.५ मिळाले. λ आला ४६०० मीटर आणि एकूण रोध ०.७७. त्यातून मातीचे ०.५९५ वजा केले तर उरलेले ०.१७ तेलाचे. आता ऑगस्टचं गणित पुन्हा करा: भिजलेल्या मातीचा रोध ०.४०, त्यात ०.१७ मिळवले, λ ३४०० च्या आसपास आणि टोक ४८. कागदावर नापास झालेली लाईन पास होते. म्हणून अशी मोजणी होईपर्यंत इन्सुलेशनच्या टेंडरवर मी सही करत नाही. मोजणी मात्र वर्षातून दोनदा करा, एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा ऑगस्टमध्ये. दोन ऋतूंतल्या रोधाचा फरक जवळजवळ सगळा मातीचा असतो, त्यामुळे k चा अंदाजही बसतो.

आता ज्याची मला ऋतूंपेक्षा जास्त धास्ती वाटते ते सांगतो: प्रवाह कमी होणं. λ मध्ये m थेट बसलेला आहे. कारखान्यातला लोड अर्धा झाला म्हणून तुम्ही पंप निम्म्यावर आणला तर λ निम्मा होतो. वरच्याच मोजलेल्या लाईनवर ऑगस्टमध्ये टोक ४८ वरून ३७ वर येतं. ३७ अंशांना हे तेल ४८ च्या जवळपास दुप्पट घट्ट असतं. म्हणून प्रवाह निम्मा करूनही शेवटच्या भागात मीटरमागे दाब निम्म्यावर येत नाही. पंपाची क्षमता तिथे कमी पडली की प्रवाह आणखी घटतो, तेल आणखी निवतं, आणि लाईन स्वतःच स्वतःला आवळत जाते. प्रवाह कमी केल्यावर दाब आधी उतरला आणि दोन-तीन तासांनी पुन्हा चढू लागला, तर हे सुरू झालं असं समजा. दोन-तीन तास का, तर तुमच्या लाईनचं पोट २५ घनमीटर आहे आणि पूर्ण प्रवाहातसुद्धा तेलाला टोक गाठायला दोन तास दहा मिनिटं लागतात. गार झालेलं तेल पुढे सरकेपर्यंत गेजवर खरं चित्र दिसत नाही.

म्हणून ऑपरेटरच्या हातात टोकाचं तापमान देण्याऐवजी किमान प्रवाह द्या. ४५ अंश टिकवायचे असतील तर ऑगस्टमध्ये λ किमान २८४० मीटर हवा. एकूण रोध ०.५७ धरला तर त्यातून तासाला ९ टन निघतात. त्याच्या खाली जायची वेळ आली तर निम्म्या प्रवाहाने दिवसभर चालवण्यापेक्षा परत येणारी लाईन ठेवून तेल फिरवत राहणं बरं. ती सोय नसेल तर या प्रवाहाला लाईन फार जाड निवडली गेली आहे.

इन्सुलेशनबद्दल थोडक्यात. ५० मिलिमीटर पॉलीयुरेथेन फोम कोरडा असेल तर त्याचा एकट्याचा रोध ३.३ च्या आसपास, म्हणजे मातीच्या पाच-सहा पट. मग ऑगस्ट असो की मे, ७५ ने सोडलेलं तेल टोकाला ६९-७० वर येतं, म्हणजे ६६ च्या मर्यादेमुळे हीटर उतरवावाच लागतो, आणि मातीचा k जवळजवळ निरर्थक होतो. फक्त काळ्या जमिनीचं आकसणं-फुगणं वरचं आवरण जॉइंटपाशी ओढतं आणि एकदा आत पाणी शिरलं की फोम सुकत नाही. मोजलेला एकूण रोध पावसाळ्यागणिक घसरत गेला आणि उन्हाळ्यातही वर आला नाही, तर जॉइंट भिजले आहेत. उघड्या लाईनचा रोध उन्हाळ्यात परत येतो.

राहिला लाईट जाण्याचा प्रश्न. थांबलेल्या लाईनमध्ये तापमान वेळेनुसार घातांकाने उतरतं. एका मीटरमध्ये पावणेआठ किलो तेल आणि १६ किलो पोलाद आहे, दोन्ही मिळून एका अंशाला २३ किलोजूल धरतात. याला मातीच्या ०.५९५ रोधाने गुणलं की जवळपास चार तास येतात. त्या हिशेबाने ४८ अंशांवरचं टोक साधारण दोन तासांत ४० वर येईल. पण हे गणित माती थंड आहे असं धरून चालतं. महिनाभर सलग चाललेल्या लाईनभोवतीची माती स्वतःच तापलेली असते. पहिल्या १४ सेंटिमीटरच्या थरातच तेल-पोलादाच्या दहापट उष्णता साठलेली असते, आणि ती आधी निवावी लागते. म्हणून मुरलेली लाईन दोन तासांपेक्षा खूप जास्त, एखादी रात्र सहज निभावते.

नव्याने सुरू केलेल्या किंवा बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या लाईनला ही सवलत नाही. माती पुरती तापून घातांकी सूत्र लागू व्हायला १.२ मीटर खोलीला साधारण महिना जातो. पहिले काही दिवस गळती सूत्रापेक्षा जास्त असते आणि टोकाचं तापमान कमी दिसतं. त्या काळात तुमच्याकडे डिझेल पंप तयार हवा आणि शेजारच्या टाकीत लाइट डिझेल ऑइल. लाईट लवकर येणार नाही असं दिसलं की घट्ट तेल पुढे ढकलून लाईन पातळ तेलाने भरायची. लाईनच्या पोटाएवढे २५ घनमीटर त्याला पुरत नाहीत, कारण पातळ तेल मधून वाट काढतं आणि भिंतीचं तेल मागे राहतं. दीडपट तरी साठा ठेवा, आणि डिझेल पंपाच्या टाकीत किमान चार तासांचं इंधन.